चॅटवरच्या निरोपापासून राजीनाम्याच्या पत्रापर्यंत

'सर, एक सांगायचं होतं. जर्मनीचं नक्की झालं.'

'अरे वा! अभिनंदन. कधी निघतेस?'

'जुलैच्या मध्यात जॉइनिंग आहे. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत आहे मी इथे. मेचा रिलीज करूनच जाईन, काळजी करू नका. सगळं नीट समजावून देईन. नंतरही काही अडलं तर कधीही फोन करा.'

'ठीक आहे. मेल टाक, एचआरला कॉपी कर.'

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत 'पेपर टाकणं' बहुधा असंच सुरू होतं. औपचारिक पत्र नंतर येतं. आधी येतो तो चॅटवरचा, नाहीतर चहाच्या टपरीवरचा हा संवाद. त्यात माणसाला सांगायचं असलेलं जवळजवळ सगळं असतं : जाण्याचं कारण, अंदाजे तारीख, हातातल्या कामाची काळजी आणि मदतीची तयारी. पुढचं पत्र याच मजकुरातून घडवायचं असतं. मात्र चॅटमधलं एकेक वाक्य कागदावर जाताना त्याला तारीख, मर्यादा आणि पुरावा लागतो. ते कसं घडतं हे बघण्यासाठी या प्रकरणात एकच नमुना शेवटपर्यंत नेऊ.

समजा, ही सॉफ्टवेअर टेस्टर 17 डिसेंबर 2018 ला पुण्यातल्या कंपनीत रुजू झाली. एका विमा कंपनीच्या पोर्टलचं टेस्टिंग तिच्याकडे आहे. नोटीस पिरियड 90 दिवसांचा, जसा भारतातल्या पुष्कळ आयटी कंपन्यांत असतो. वरचा संवाद झाला शुक्रवारी, 7 मार्च 2025 ला. तोवर पासपोर्टवर जर्मनीच्या व्हिसाचा स्टिकर लागलेला आहे. तो लागल्याशिवाय तिने तोंड उघडलं नाही, आणि ते योग्यच झालं.

परदेशी जाणाऱ्याच्या राजीनाम्यात पहिला प्रश्न पत्र कधी द्यायचं हा असतो. करारावर सह्या झाल्या की हुरूप येतो, पण करार आणि व्हिसा यांच्यामध्ये कागदपत्रं, अपॉइंटमेंट आणि वाट पाहणं असतं. नोटीसचे 90 दिवस सुरू झाले आणि व्हिसा लांबला, तर इथली खुर्ची गेलेली आणि तिथली मिळालेली नाही, अशी अवस्था होते. दिलेला राजीनामा परत घेता येतो का? यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा एक गाजलेला निकाल आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी 7 मे 1977 ला राष्ट्रपतींना पत्र लिहून 1 ऑगस्टपासून राजीनामा दिला आणि 15 जुलैला तो मागे घेतला. त्यांना तसा अधिकार होता, असं बहुमताने ठरलं. राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल, तर ती तारीख उजाडेपर्यंत तो मागे घेता येतो, हे त्यातलं तत्त्व. पण तो खटला न्यायाधीशाच्या पदाचा होता. खासगी कंपनीत नियुक्तीपत्राच्या अटी काय आहेत आणि कंपनीने राजीनामा स्वीकारल्याचं कळवलं आहे का, यावर गाडी अडू शकते. त्यामुळे मागे घेण्याच्या भरवशावर पत्र देऊ नये. व्हिसा हातात आला की मगच द्यावं आणि नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख त्या हिशेबाने मागून घ्यावी. जर्मन कंपन्यांना तीन-तीन महिन्यांची नोटीस नवीन नसते, त्यांच्याकडेही अनेक करारांत ती असते.

आता चॅटमधलं पहिलं ढोबळ वाक्य : 'जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत आहे मी इथे.' बोलताना हे चालतं. पत्रात मात्र एकच तारीख लागते, कारण पगार, रजेचे पैसे, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि अनुभवाचं पत्र ही सगळी त्या एका तारखेला टांगलेली असतात.

तारीख काढायला नियुक्तीपत्र उघडावं लागतं. तिथे 'तीन महिने' लिहिलंय की '90 दिवस' हे नीट वाचायचं, दोन्हींत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. दिवस कॅलेंडरचे धरायचे, कामाचे नव्हे. मोजणी कुठून सुरू होते, हेही बघायचं. तिने सोमवारी, 10 मार्चला मेल पाठवला. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर मार्चचे 21, एप्रिलचे 30, मेचे 31 असे 82 दिवस होतात, उरलेले आठ जूनचे. म्हणजे मुदत संपते 8 जूनला, आणि तो निघाला रविवार. शेवटचा दिवस शुक्रवार 6 जून धरायचा की सोमवार 9 जून, हे एचआरशी बोलून ठरवावं लागतं. बऱ्याच कंपन्यांत मेल पुरेसा नसतो. एचआरच्या पोर्टलवर जाऊन राजीनाम्याचं बटण दाबावं लागतं आणि घड्याळ तिथून चालू होतं. शुक्रवारी चॅट झालं, मॅनेजरला कळलं, म्हणून नोटीस शुक्रवारपासून मोजली जाईल असं धरून चालणाऱ्याचे दिवस हमखास वाया जातात.

आमची टेस्टर इथे आणखी एक पाऊल पुढे गेली. तिने ग्रॅच्युइटीचा हिशेब केला.

तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार पाच वर्षं सलग नोकरी झाली की ही रक्कम मिळत असे. सूत्र साधं आहे : शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. खरी मेख वर्षं मोजण्यात आहे. शेवटचं अपुरं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं, तर ते पूर्ण वर्ष धरतात. तिची सहा वर्षं 16 डिसेंबर 2024 ला पूर्ण झाली, त्यापुढचे सहा महिने 16 जून 2025 ला भरतात. म्हणजे 6 किंवा 9 जूनला बाहेर पडली तर हिशेब सहा वर्षांचा, आणि 17 जून किंवा त्यानंतर पडली तर सात वर्षांचा. तिचं मूळ वेतन 40,000 रुपये असेल आणि महागाई भत्ता नसेल, तर एका वर्षाची ग्रॅच्युइटी 23,077 रुपये होते. जर्मनीत पहिल्या महिन्याच्या भाड्याला आणि डिपॉझिटला हातभार लावणारी ही रक्कम आहे. जॉइनिंग 15 जुलैचं असल्याने तिने शेवटचा दिवस शुक्रवार, 20 जून मागितला. नोटीस किमान 90 दिवसांची द्यायची असते, जास्त दिली तर सहसा कुणाची हरकत नसते. कंपनीने त्याआधीच मोकळं करायचं ठरवलं तर काय, ही शक्यता मात्र उरते. म्हणून मेल पाठवण्याआधी तिने मॅनेजरकडून एवढं काढून घेतलं होतं की मेचा रिलीज लांबला तर जून अखेरपर्यंत माणूस लागेलच. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्या बदलली. पण सहा महिन्यांपेक्षा जास्त भाग म्हणजे पूर्ण वर्ष, हा नियम तिच्यातही तसाच आहे.

पुढचं वाक्य : 'मेचा रिलीज करूनच जाईन.' हे मनापासून आलेलं आश्वासन आहे आणि म्हणूनच धोक्याचं. रिलीज टेस्टरच्या हातात नसतो. ग्राहकाने एक मागणी वाढवली, पेमेंटचं बाहेरचं खातं वेळेवर मिळालं नाही, की मेचा रिलीज जुलैत जातो. असं वाक्य पत्रात राहिलं तर 20 जूनला कुणीतरी त्यावर बोट ठेवून म्हणतं, 'तुम्हीच लिहिलं होतं.' पत्रात रिलीजची हमी द्यायची नाही. शेवटच्या दिवसापर्यंत रिलीजचं नियोजित टेस्टिंग करण्याची हमी द्यायची. पहिलं दहा जणांवर अवलंबून आहे, दुसरं एकटीच्या हातात आहे.

'सगळं नीट समजावून देईन', या तीन-चार शब्दांत तर पत्राचा सगळ्यात मोठा परिच्छेद दडलेला आहे. टेस्टरचं हँडओव्हर, म्हणजे रोजच्या बोलीतली केटी, प्रोग्रामरच्या हँडओव्हरपेक्षा वेगळी असते. प्रोग्रामर गेला तरी त्याने लिहिलेला कोड मागे राहतो आणि तो वाचून निदान काही अंदाज बांधता येतो. टेस्टरच्या टेस्ट केसेसही मागे राहतात, पण त्यांतली कुठली महत्त्वाची, कुठली जुनी झाली, कुठली नापास झाली तरी घाबरायचं नाही, हे तिच्या डोक्यात असतं.

उदाहरण घेऊ. विम्याच्या पोर्टलवर रोज रात्री एक वाजता आपोआप टेस्टिंग चालतं, सकाळी जेन्किन्सवर निकाल दिसतो. समजा 400 टेस्ट आहेत आणि रोज पाच-सहा लाल येतात. त्यांतल्या दोन पेमेंट गेटवेच्या चाचणी सर्व्हरमुळे लाल असतात, तो रात्री कधीकधी बंद असतो. एक टेस्ट 29 फेब्रुवारीला जन्मलेल्या ग्राहकाचं वय आणि हप्ता तपासते. ती लाल झाली तर मात्र सगळं सोडून आधी तिच्याकडे बघायचं, कारण वयाच्या हिशेबात कुणीतरी हात घातला आहे असा त्याचा अर्थ. नव्या माणसाला हे माहीत नसेल तर दोन गोष्टी घडतात. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक लाल टेस्टमागे धावतो. महिन्याभराने कंटाळतो आणि लाल रंगाकडे बघायचंच सोडतो. नेमक्या त्याच दिवसांत चुकीच्या हप्त्याच्या पॉलिसी ग्राहकांपर्यंत पोचतात. म्हणून केटीच्या कागदात टेस्टची नुसती यादी उपयोगाची नाही. प्रत्येक नेहमी लाल होणाऱ्या टेस्टपुढे कारण आणि काय करायचं ते लिहिलेलं हवं.

यापेक्षाही हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे तिच्या नावावर चालणाऱ्या वस्तू. टेस्टचा कोड रोज रात्री रिपॉझिटरीतून उचलला जातो. तो उचलण्यासाठी जे टोकन लागतं, ते चार वर्षांपूर्वी घाईत तिने स्वतःच्या खात्यातून काढून दिलेलं असतं. 20 जूनच्या संध्याकाळी आयटी विभाग तिचं खातं बंद करतो आणि त्याच रात्री एक वाजता जेन्किन्सच्या लॉगमध्ये अशी ओळ येते :

```
fatal: Authentication failed for 'https://git.example.com/qa/regression.git/'
```

टेस्ट नापास झालेल्या नसतात, त्या चाललेल्याच नसतात. सकाळी नवा माणूस सर्व्हर, पासवर्ड, नेटवर्क सगळं तपासतो, कारण हे टोकन कुणाचं आहे ते कुठे लिहिलेलंच नसतं. टेस्टसाठी बनवलेल्या ग्राहकांच्या खात्यांचंही तसंच. ओटीपी यावा म्हणून त्यांतल्या काहींना तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. ती बर्लिनला पोचल्यावर पुण्यातला सहकारी तिला मेसेज करतो, 'ओटीपी आला का गं?' हे थांबवायचं तर नोटीस पिरियडच्या पहिल्याच महिन्यात टोकन टीमच्या सामाईक खात्यावर हलवायचं, नंबर कंपनीच्या चाचणी फोनचा टाकायचा, जिरातले फिल्टर आणि डॅशबोर्ड दुसऱ्याच्या नावावर करून घ्यायचे. नीट झालं की नाही ते कळायला एक सोपी परीक्षा आहे : शेवटच्या दिवसाच्या दोन आठवडे आधी आयटीला सांगून तिचं खातं एका रात्रीपुरतं बंद करायचं. जे तुटायचं ते तेव्हाच तुटतं आणि ती शेजारी बसलेली असते.

केटीचं वेळापत्रकही पत्र लिहितानाच डोक्यात हवं. नेहमीचा अनुभव असा की 90 दिवसांच्या नोटीशीत पहिले 70 दिवस बदली माणूसच मिळत नाही आणि शेवटच्या आठवड्यात रोज चार-चार तासांची केटी होते. ऐकणारा मान हलवतो, रेकॉर्डिंग होतं आणि ते पुन्हा कुणी उघडत नाही. हे टाळायचं असेल तर बदली माणूस कधी मिळावा याची तारीख पत्रातच सुचवायची. काम तीन टप्प्यांत वाटायचं. आधी ती करते आणि नवा माणूस बघतो. मग तो करतो आणि ती बघते, यालाच रिव्हर्स केटी म्हणतात. शेवटी एक पूर्ण रिग्रेशन तो एकट्याने करतो आणि ती फक्त अडलं तर उत्तर देते. तिसरा टप्पा झाला नसेल तर हँडओव्हर झालंच नाही असं मानावं, मग कागदावर कितीही सह्या असोत.

राहिलं शेवटचं वाक्य : 'नंतरही काही अडलं तर कधीही फोन करा.' यातला चांगुलपणा खरा आहे, पण 'कधीही' हा शब्द पत्रात जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. पुण्यात सकाळी साडेनऊला काम सुरू होतं तेव्हा तिथे पहाटेचे सहा किंवा पाच वाजलेले असतात. पण वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. शेवटच्या दिवसानंतर ती कंपनीची कर्मचारी नसते, ग्राहकाची माहिती बघण्याचा तिला अधिकार नसतो आणि नव्या कंपनीचा करार बाहेरच्या कामावर बंधनं घालणारा असू शकतो. तेव्हा मदतीला मुदत आणि स्वरूप द्यायचं : अमुक तारखेपर्यंत, फक्त हस्तांतराच्या कागदांतल्या शंका, वैयक्तिक ईमेलवर. सिस्टीममध्ये शिरून काम करून देणं यात येत नाही, हे स्पष्ट लिहायचं.

काय लिहायचं नाही, हेही ठरवावं लागतं. नव्या कंपनीचं नाव आणि पगार यांची इथे गरज नसते. दोन वर्षं अडलेली बढती, अपुरी टीम, शनिवारी-रविवारी झालेली कामं ही गाऱ्हाणी खरी असली तरी त्यांची जागा एक्झिट इंटरव्ह्यूत. राजीनाम्याचं पत्र कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं. पाच वर्षांनी दुसरी कंपनी चौकशी करते तेव्हा ते वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. शिवाय 'मी राजीनामा देण्याचा विचार करत आहे' असं वाक्य कुठेही येऊ देऊ नये. विचार कळवल्याने नोटीस सुरू होत नाही.

आता पत्र. आयटी कंपन्यांत ते इंग्रजीत जातं. इथे प्रत्येक वाक्याचं काम दिसावं म्हणून मराठीत देतो.

> विषय : राजीनामा, सीनियर टेस्ट इंजिनिअर, कर्मचारी क्रमांक (…), कामाचा शेवटचा दिवस 20 जून 2025
>
> महोदय,
>
> मी सीनियर टेस्ट इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील अटीनुसार आज, 10 मार्च 2025 रोजी, ही लेखी सूचना देत आहे. 90 दिवसांची मुदत 8 जून रोजी पूर्ण होते. कामाचे हस्तांतर व्यवस्थित व्हावे यासाठी शुक्रवार, 20 जून 2025 हा माझा शेवटचा दिवस धरावा, ही विनंती.
>
> नोकरीनिमित्त मी परदेशी स्थलांतर करत आहे.
>
> शेवटच्या दिवसापर्यंत मी पोर्टलच्या आगामी रिलीजचे नियोजित टेस्टिंग करीन. हस्तांतरासाठी पुढील कामे मी स्वतःहून करू इच्छिते. स्वयंचलित टेस्ट, नेहमी नापास होणाऱ्या टेस्ट व त्यांची कारणे, उघडे दोष आणि चाचणी खाती यांची लेखी माहिती 11 एप्रिलपर्यंत देईन. माझ्या नावावरील टोकन, खाती व मोबाइल क्रमांक त्याच मुदतीत टीमच्या सामाईक खात्यावर हलवीन. माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याचे नाव 30 एप्रिलपर्यंत कळल्यास, त्यांनी एक संपूर्ण रिग्रेशन स्वतंत्रपणे केल्यावरच हस्तांतर पूर्ण झाले असे मी समजेन.
>
> 20 जूननंतर 31 जुलैपर्यंत या लेखी माहितीविषयीच्या शंकांना मी खालील वैयक्तिक ईमेलवर उत्तर देईन. कंपनीच्या किंवा ग्राहकाच्या सिस्टीममध्ये मी त्यानंतर काम करू शकणार नाही.
>
> राजीनामा स्वीकारल्याचे व शेवटची तारीख मान्य असल्याचे लेखी कळवावे. रिलीव्हिंग लेटर आणि पद, कालावधी व कामाचे स्वरूप नमूद केलेले अनुभवाचे पत्र मिळावे, ही विनंती. माझ्या परदेशातील नोंदींसाठी त्यांची गरज आहे.
>
> साडेसहा वर्षे या टीमबरोबर काम करताना विम्याच्या व्यवहाराची जी समज आली, त्याबद्दल मी आपली व सहकाऱ्यांची आभारी आहे.
>
> आपली विश्वासू,

खाली नाव, वैयक्तिक ईमेल आणि भारताबाहेरही चालू राहील असा फोन नंबर. हे पत्र मॅनेजरला, कॉपी एचआरला, आणि एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर. ही शेवटची प्रत पुष्कळ जण विसरतात. 20 जूनच्या संध्याकाळी कंपनीचं ईमेल बंद झालं की आपण काय लिहिलं आणि एचआरने काय मान्य केलं, याचा पुरावा आपल्याकडे उरत नाही. मात्र फक्त आपला राजीनामा आणि त्यावरची उत्तरंच पाठवायची. टेस्टचे कागद किंवा ग्राहकाची माहिती खासगी ईमेलवर पाठवली तर तो गोपनीयतेचा भंग ठरतो.

पत्रातल्या दोन जागा मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. पहिली, बदली माणसाच्या नावाची 30 एप्रिल ही तारीख. ती हुकूम म्हणून नाही, अट म्हणून आली आहे : नाव कळलं तर हे होईल. नाव जूनमध्ये कळलं तर स्वतंत्र रिग्रेशन राहून गेल्याचा ठपका तिच्यावर येत नाही. दुसरी जागा अनुभवाच्या पत्राची. 'कामाचे स्वरूप नमूद केलेले' हे शब्द परदेशी जाणाऱ्यासाठी फार मोलाचे आहेत. जर्मनीच्या ब्लू कार्डचे नियम नोव्हेंबर 2023 पासून बदलले. आयटी क्षेत्रातल्या माणसाकडे मान्य पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव असेल, तर त्याला ते मिळू शकतं. तो अनुभव सिद्ध होतो अशाच पत्रांनी. 'अमुक ते अमुक काळ आमच्याकडे होत्या' एवढ्या एका ओळीच्या पत्राने नाही.

पत्र पोचलं की एचआरचं उत्तर येतं. त्यात शेवटची तारीख आपल्या पत्रातली आहे ना, हे शब्द वाचून तपासायचं. तारीख बदललेली असेल तर त्याच दिवशी लेखी विचारायचं, कारण गप्प राहणं पुढे मान्यता म्हणून वाचलं जातं.

पैशाच्या बाबतीत परदेशी जाणाऱ्याची एक खास अडचण आहे. फायनल सेटलमेंटचे पैसे ती निघून गेल्यावर खात्यात येऊ शकतात. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाचं इथलं साधं बचत खातं फेमा कायद्याप्रमाणे एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. त्या बदलात खातं काही दिवस अडकलं आणि नेमका त्याच वेळी पगार आला, तर तो परत जातो. बँकेत आधी विचारून, सेटलमेंट कुठल्या खात्यात येणार ते एचआरला लेखी कळवलेलं बरं. पीएफचंही तसंच. नोकरी सोडल्याची तारीख ईपीएफओच्या पोर्टलवर भरल्याशिवाय पुढचं काही सरकत नाही. आणि आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येत असल्याने ते भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवावं लागतं. चाचणी खात्यांतून आपला नंबर काढून टाकायचा, पण हा नंबर मात्र जपायचा.

पुण्यात तिचा हा राजीनामा ईमेलने गेला आणि चालला. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी मजकुराचा दर्जा दिलेला आहे. जर्मनीत तसं चालणार नाही. तिथल्या दिवाणी संहितेच्या 623 व्या कलमानुसार नोकरी सोडण्याचं किंवा काढण्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीनेच द्यावं लागतं. त्यासाठी ईमेल वा कुठलंही इलेक्ट्रॉनिक स्वरूप कायद्याने वगळलेलं आहे, म्हणून चॅट किंवा ईमेलने दिलेला राजीनामा रद्दबातल ठरतो. परीक्षेचा काळ ठरलेला असेल तर त्यात, म्हणजे जास्तीत जास्त पहिल्या सहा महिन्यांत, तिथली कायदेशीर नोटीस दोन आठवड्यांची. त्यानंतर कर्मचाऱ्यासाठी ती चार आठवड्यांची, आणि तीही महिन्याच्या 15 तारखेला किंवा अखेरीला संपणारी. करारात याहून जास्त मुदत असू शकते, म्हणून 15 जुलैला रुजू होण्याआधी नव्या कराराचं ते पान तिने एकदा सावकाश वाचून घ्यावं.